टेरॅटोजेनिक औषधांवर पाच मिनिटांचा सेमिनार : यादी टाकून एकच पेशंट घेतली तेव्हा काय झालं

फार्माकॉलॉजीच्या सेमिनारमध्ये माझ्या वाट्याला आला "टेरॅटोजेनिक ड्रग्ज अँड सेफर प्रिस्क्रायबिंग इन प्रेग्नन्सी", म्हणजे गर्भात व्यंग आणणारी औषधं आणि गरोदरपणात जपून औषध लिहिणं. पाच मिनिटं बोलायचं, मग दोन-तीन प्रश्न, संपलं. असा टॉपिक आला की सगळे करतात तेच मीही आधी केलं, सीनियर्सच्या जुन्या स्लाइड्स मागवल्या. त्यात पहिल्या स्लाइडवर थॅलिडोमाइडचा फोटो, दुसऱ्यावर गरोदरपणातल्या धोक्यासाठी औषधांना अक्षरं देणारा ए बी सी डी एक्सचा तक्ता, आणि मग औषधांची लांबच लांब यादी, वॉरफरिन, आयसोट्रेटिनॉइन, फेनिटॉइन, लिथियम, एसीई इन्हिबिटर, टेट्रासायक्लिन, मेथोट्रेक्सेट, प्रत्येकासमोर एकेक व्यंग लिहिलेलं. परीक्षेत मार्क मिळवायला ठीक आहे. पण मी ते मोबाईलवर टायमर लावून मोठ्याने वाचून बघितलं तर आठ मिनिटं लागली आणि माझी रूममेट समोर बसून ऐकत होती ती म्हणाली, "अगं मला शेवटचं टेट्रासायक्लिनचं दात पिवळे होतात एवढंच आठवतंय."

मग गाइड मॅडमकडे गेले. त्यांनी स्लाइड्स बघितल्या आणि एकच विचारलं, की हे ऐकून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी कोण ओपीडीत बसून काय वेगळं लिहील? मला उत्तर सुचलं नाही. त्यांनीच पुढे सांगितलं, यादी पुस्तकात आहे, ती कुणीही उघडून बघेल, तू एक औषध घे आणि एक बाई घे. आणि तिला गोळी कधी दिली, दिवस कधी गेले, कळलं कधी, हे कॅलेंडरवर मांड. बास.

औषध निवडायला फार वेळ लागला नाही. थॅलिडोमाइडची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, १९६१ च्या शेवटी मागे घेतलं, तोवर दहा हजारांवर मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली. पण आज आपल्यापैकी कुणी उठून गरोदर बाईला थॅलिडोमाइड लिहिणार नाहीये. आयसोट्रेटिनॉइनचा विचार केला होता, पण ते मुरुमांसाठी असतं, बंद केलं तर मुरुम परत येतील, जीव जाणार नाही, त्यामुळे तिथे निर्णय सोपा आहे. मला असं औषध हवं होतं जे रोज लिहिलं जातं, खरंच चांगलं काम करतं, आणि घाईत बंद केलं तर बंद करणंच धोक्याचं ठरतं. म्हणजे व्हॅल्प्रोएट. एपिलेप्सीसाठी, बायपोलरसाठी, मायग्रेन टाळायला, सगळीकडे वापरतात, आणि वापरणाऱ्यांमध्ये तरुण मुली खूप असतात कारण जनरलाइज्ड एपिलेप्सीचे, म्हणजे फिट एकदम सगळ्या मेंदूत सुरू होते तिचे, बरेच प्रकार सुरू होतातच मुळी वयात येताना.

याची पार्श्वभूमी मला एका वाक्यात सांगायची होती आणि ती मला स्वतःला फार इंटरेस्टिंग वाटली. व्हॅल्प्रोएट १९६७ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आलं. ते आणि स्पायना बायफिडा, म्हणजे बाळाचा पाठीचा कणा नीट न मिटण्याचं व्यंग, यांचा संबंध १९८२ मध्ये समोर आला, तोही फ्रान्समध्येच, ल्याँच्या भागात जन्मजात व्यंगांची नोंद ठेवणारी रजिस्ट्री होती तिच्यातून, म्हणजे तिथे काम करणाऱ्या एलिझाबेथ रोबेर यांच्या लक्षात आलं की स्पायना बायफिडा झालेल्या बाळांच्या आयांमध्ये व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या जास्तच दिसतायत. पंधरा वर्षं मध्ये गेली. गरोदर बायकांवर कुणी मुद्दाम ट्रायल करत नाही, करूही नये, त्यामुळे ही माहिती नेहमी अशीच उशिराने, रजिस्ट्रीतून येते. नवीन औषधाबद्दल "काही रिपोर्ट नाही" याचा अर्थ सेफ आहे असा नसतो, अजून पुरेशा बायकांनी घेतलेलं नाही असाही असू शकतो.

आता कॅलेंडर. ही स्लाइड बनवताना मला स्वतःलाच पहिल्यांदा ते नीट दिसलं. एम्ब्रियॉलॉजीत आपण दिवस मोजतो गर्भधारणेपासून, आणि गायनॅकच्या ओपीडीत मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे एलएमपीपासून. दोन्हीत साधारण दोन आठवड्यांचा फरक. न्यूरल ट्यूब, म्हणजे गर्भातली ती नळी जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात आणि जी नीट मिटली नाही तर स्पायना बायफिडा होतो, ती बंद होते गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण ओपीडीच्या हिशोबात तो दिवस येतो सहा आठवड्यांना. आता अठ्ठावीस दिवसांचं सायकल धरा. एलएमपीनंतर चौदा दिवसांनी गर्भधारणा, आणखी चौदा दिवसांनी पाळी यायला हवी होती ती आली नाही. म्हणजे ज्या दिवशी पाळी चुकली त्या दिवशी गर्भ चौदा दिवसांचा आहे आणि ट्यूब बंद व्हायला उरलेत फक्त चौदा दिवस.

त्या चौदा दिवसांत काय काय व्हायला हवं बघा. तिच्या लक्षात यायला हवं, ती चार-पाच दिवस वाट बघणार, कारण पाळी पुढेमागे होतेच, मग टेस्ट आणणार, मग घरी सांगणार, मग अपॉइंटमेंट. बहुतेक जणी दवाखान्यात पोचतात तेव्हा सात-आठ आठवडे झालेले असतात. म्हणजे "प्रेग्नन्सीत कोणतं औषध द्यावं" हा प्रश्न स्पायना बायफिडापुरता तरी बऱ्याचदा उशिरा विचारलेला असतो. तो प्रश्न खरं तर दिवस जायच्या आधीच्या प्रिस्क्रिप्शनवर विचारायचा असतो. आणि जगभरात जवळपास निम्म्या प्रेग्नन्सी ठरवून झालेल्या नसतात, त्यामुळे "प्लॅन करशील तेव्हा सांग" एवढं बोलून भागत नाही.

ही स्लाइड मी एका आडव्या रेषेची ठेवली. वर ओपीडीचे आठवडे, खाली गर्भाचे दिवस, मध्ये तीन खुणा: पाळी चुकली, ट्यूब बंद, पहिली भेट. बाकी काही नाही. पहिल्या दोन आठवड्यांचा ऑल ऑर नन पीरियड, जेव्हा गर्भ एकतर टिकतो किंवा पडतो, आठव्या आठवड्यापर्यंतचं ऑर्गनोजेनेसिस, म्हणजे अवयव बनणं, हे सगळं आधी त्याच रेषेवर रंगीत पट्ट्यांनी दाखवलं होतं, ते काढून टाकलं. दिसायला भारी होतं पण मागच्या बाकावरून काहीच वाचता आलं नसतं.

दुसरी स्लाइड धोका किती याची. इथे मला आकडे सांगायचे होते पण टक्क्यांचा तक्ता नको होता, म्हणून शंभर ठिपके काढले. औषध न घेणाऱ्या आयांच्या शंभर बाळांत दोन-तीन बाळांना मोठं व्यंग असतंच, हे आधी सांगितलं, कारण ते न सांगता पुढचा आकडा सांगणं म्हणजे उगाच घाबरवणं. मग युरॅप नावाची जी आंतरराष्ट्रीय रजिस्ट्री आहे तिचे २०१८ मध्ये आलेले आकडे. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम ही फिटची दुसरी औषधं, दोन्ही तीनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ नेहमीइतकंच. व्हॅल्प्रोएट सरासरी दहा. पण ही सरासरी फसवी आहे, कारण धोका डोसबरोबर वाढत जातो: दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत सहाच्या आसपास, त्याच्या वर १४५० पर्यंत अकरा, आणि १४५० च्या वर पंचवीस. एकच औषध, आणि शंभरात सहा ते शंभरात पंचवीस. त्यामुळे "व्हॅल्प्रोएट टेरॅटोजेनिक आहे" हे वाक्य बरोबर असूनही पेशंटसमोर त्याचा उपयोग शून्य, तुम्हाला तिचा डोस माहीत असायला हवा.

आणि व्यंगांपेक्षा मोठी गोष्ट ठिपक्यांत दिसतच नाही. गर्भात व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांपैकी तीस ते चाळीस टक्के मुलांना पुढे वाढीच्या अडचणी येतात, उशिरा बोलणं, उशिरा चालणं, शिकण्यात मागे पडणं, ऑटिझमचं प्रमाणही जास्त. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या नीड नावाच्या अभ्यासात सहाव्या वर्षी बुद्ध्यांक मोजले तर व्हॅल्प्रोएट गटाची सरासरी ९७ आणि लॅमोट्रिजिन गटाची १०८ होती. हे सोनोग्राफीत दिसत नाही. अनॉमली स्कॅन नॉर्मल आलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण स्कॅन पाठीचा कणा दाखवतं, हृदय दाखवतं, टाळू दाखवतं, पाच वर्षांनी मूल कसं बोलेल ते दाखवत नाही. आणि मेंदूची वाढ अठ्ठाविसाव्या दिवशी थांबत नाही, ती पूर्ण नऊ महिने चालू असते. हा मुद्दा पुढे केसमध्ये लागणार होता म्हणून दोनदा सांगायचं ठरवलं.

ए बी सी डी एक्सचं काय करायचं यावर मॅडमशी थोडी चर्चा झाली. पुस्तकात अजून आहे, व्हायव्हाला विचारतात, वगळलं तर कुणीतरी हात वर करणारच. पण अमेरिकेच्या एफडीएने २०१५ पासून ती अक्षरं नव्या लेबलांवरून काढूनच टाकली, त्याऐवजी धोका, माहिती कुठून आली, आणि डॉक्टरने काय विचारात घ्यावं हे वाक्यांत लिहायचं. का काढली ते व्हॅल्प्रोएटनेच छान कळतं. २०१३ मध्ये एफडीएने मायग्रेन टाळण्यासाठी दिलेल्या व्हॅल्प्रोएटला एक्समध्ये टाकलं आणि एपिलेप्सीसाठी तेच औषध डीमध्येच राहिलं. गोळी तीच, गर्भ तोच, अक्षर वेगळं. कारण अक्षरात फक्त गर्भाचा धोका नव्हता, आईला होणारा फायदाही मिसळलेला होता. गर्भनिरोधक गोळ्या एक्समध्ये होत्या, त्या भयंकर टेरॅटोजेनिक आहेत म्हणून नाही, गरोदर बाईला त्यांचा काही उपयोगच नाही म्हणून. ज्यांनी अक्षरांना ए म्हणजे बेस्ट आणि एक्स म्हणजे विष अशी शिडी समजून पाठ केलंय त्यांना हे ऐकून जरा धक्का बसतो. एवढं वीस सेकंदात सांगितलं, स्लाइड केलीच नाही.

उरलेली अडीच मिनिटं केसला. केस मी बनवलेली होती, कुणा खऱ्या पेशंटची नाही. वय चोवीस, ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे सकाळी उठल्यावर हाताला झटके येतात, हातातला कप उडतो, आणि झोप कमी झाली की मोठी फिट. व्हॅल्प्रोएट ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, दिवसाला १०००. तीन वर्षांत एकही फिट नाही. ती येते फॉलोअपला आणि म्हणते, सर माझं लग्न ठरलंय, गोळ्या लिहून द्या.

इथे मी वर्गाला थांबवून विचारलं, काय लिहाल? पहिल्या बाकावरून लगेच आलं, "फोलिक अ‍ॅसिड." दुसरा म्हणाला, "व्हॅल्प्रोएट बंद." दोन्ही अर्धवट आहेत. फोलिक अ‍ॅसिड द्यायचंच, अनेक ठिकाणी अशा बायकांना रोज पाच मिलिग्रॅम देतात आणि गर्भधारणेच्या आधीपासून, पण त्याने व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जातो असं सिद्ध झालेलं नाही, कारण व्हॅल्प्रोएट फक्त फोलेटच्या वाटेने काम बिघडवत नाही, ते हिस्टोन डीअसिटायलेज नावाचं एन्झाइमही अडवतं आणि त्यामुळे नको तेव्हा नको ती जीन्स चालू-बंद होतात. गोळीवर गोळी देऊन सुटत नाही. आणि बंद करा म्हणाल तर अचानक बंद केल्यावर फिट परत येते, कधी थांबतच नाही अशी, तिला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात, त्यात आई दगावू शकते.

मग खरं करायचं काय तर बदलायचं, आणि बदलायला वेळ लागतो. या प्रकारच्या एपिलेप्सीत लॅमोट्रिजिनने काही जणींचे हाताचे झटके उलट वाढतात, त्यामुळे उदाहरणात लेव्हेटिरासिटाम घेतलं. आधी तेच वाढवायचं, २५० सकाळ-संध्याकाळ, दोन आठवड्यांनी ५००, गरज पडली तर अजून वर. या काळात व्हॅल्प्रोएट तसंच चालू. नवीन औषध पुरेशा डोसवर बसलं की मग व्हॅल्प्रोएट दर दोन आठवड्यांनी २५० ने खाली: १०००, ७५०, ५००, २५०, शून्य. म्हणजे चढायला चार आठवडे, उतरायला आठ, तीन महिने इथेच गेले. मग काही महिने नुसतं बघायचं की एकट्या लेव्हेटिरासिटामवर ती फिटशिवाय राहते का, चिडचिड किंवा उदासी येतेय का, कारण ते या औषधाचं नेहमीचं दुखणं आहे. आणि हे सगळं होईपर्यंत खात्रीचं गर्भनिरोधन. डोसचे आकडे उदाहरणापुरते, प्रत्यक्षात न्यूरॉलॉजिस्ट तिच्याकडे बघून ठरवतील, पण महिने लागतात हे पक्कं. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात हे होणार नाही. त्यामुळे तिने लग्नाचं सांगितलं तो दिवसही खरं तर उशिराचाच आहे, हे बोलणं वय सोळा असताना पहिली गोळी लिहितानाच व्हायला हवं होतं.

एक कडू गोष्टही सांगितली. जनरलाइज्ड एपिलेप्सीत व्हॅल्प्रोएट हे लेव्हेटिरासिटामपेक्षा जास्त चांगलं काम करतं, ट्रायलमध्येही तसंच दिसलंय. म्हणजे बदल करताना बाळाचा धोका कमी करतोय आणि आईचा थोडा वाढवतोय. काही जणींना बदलल्यावर फिट येतात आणि त्यांना परत व्हॅल्प्रोएटवरच यावं लागतं, मग जमेल तेवढा कमी डोस, आणि सगळं माहीत असून तिने स्वतः घेतलेला निर्णय. युरोपात २०१८ पासून नियमच आहे की प्रेग्नन्सीत मायग्रेन किंवा बायपोलरसाठी व्हॅल्प्रोएट नाही, एपिलेप्सीत दुसरं काहीच चालत नसेल तरच, आणि मूल होऊ शकेल अशा वयातल्या बाईला द्यायचं तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, गर्भनिरोधन, आणि दर वर्षी तज्ज्ञाकडे फेरविचार.

मग तीच बाई, दुसरी आवृत्ती. लग्नाबद्दल कुणी विचारलंच नाही, आणि आता ती टेस्टची पट्टी घेऊन समोर बसलीय, पाळी तीन आठवडे चुकलेली. एलएमपीपासून सात आठवडे, म्हणजे गर्भ पस्तीस दिवसांचा. ट्यूब आठवड्यापूर्वीच बंद झालीय, किंवा व्हायची राहून गेलीय. आज गोळी बंद करून त्यात काही बदलणार नाही. नेमकं इथेच सगळ्यात वाईट निर्णय घेतले जातात. एकीकडे, "बाई आज रात्रीपासून घेऊ नका" आणि चौथ्या दिवशी फिट. दुसरीकडे, "आता व्हायचं ते होऊन गेलं, चालू ठेवा", आणि तेही चूक, कारण मेंदूची वाढ पुढचे सात महिने चालणार आहे आणि डोस कमी करता आला तर अजूनही फायदा असू शकतो. तिसरी प्रतिक्रिया म्हणजे घाबरून लगेच गर्भपाताचं बोलणं. तिचा डोस १०००, म्हणजे शंभरात अकरा, म्हणजे उरलेल्या एकोणनव्वद बाळांना मोठं व्यंग नसतं, हे तिला कळायच्या आत कुणी तिच्या वतीने ठरवू नये.

त्या दिवशी करायचं ते असं: रात्रीची गोळी घ्यायची. सोनोग्राफीने आठवडे पक्के करायचे, कारण पाळीच्या तारखेवर भरवसा नसतो आणि आपला सगळा हिशोब तारखेवर उभा आहे. न्यूरॉलॉजिस्टला फोन, चिठ्ठी देऊन महिनाभराने नाही, याच आठवड्यात. डोस किती खाली आणता येईल आणि एकदम मोठ्या डोसऐवजी दिवसात विभागून देता येईल का ते त्यांनी बघायचं. गरोदरपणात मधेच औषध बदलताना काही काळ बाळाला दोन्ही औषधं मिळतात आणि फिटचा धोकाही असतो, त्यामुळे बदलायचं की कमी डोसवर राहायचं हे न्यूरॉलॉजिस्ट, गायनॅक आणि ती मिळून ठरवतील. अठरा ते वीस आठवड्यांना नीट अनॉमली स्कॅन, पाठीचा कणा, हृदय, टाळू, हातपाय. आणि स्कॅन नॉर्मल आलं तरी बालरोगतज्ज्ञांना कळवून ठेवायचं म्हणजे बाळाच्या वाढीवर पहिल्यापासून लक्ष राहील.

प्रत्यक्ष बोलताना पाच मिनिटांच्या थोडं वर गेलं, मॅडमनी पेनने टेबलावर टकटक केलं पण बोलू दिलं. स्लाइड्स फक्त तीन झाल्या, रेषा, ठिपके, आणि केसची एक ज्यावर नुसतं "व्हॅल्प्रोएट ५०० - ० - ५००" लिहिलेलं होतं. तिसऱ्या स्लाइडवर कुणीच फोटो काढला नाही, रेषेचा मात्र बऱ्याच जणांनी काढला.

प्रश्न अपेक्षेपेक्षा चांगले आले. एकाने विचारलं, मग सरळ कुठल्याच मुलीला व्हॅल्प्रोएट देऊ नये, प्रश्नच मिटला, नाही का? मी म्हटलं सुरुवात म्हणून दुसरं औषध देणं बरोबरच आहे, पण दोन-तीन औषधं फेल गेलेली, आठवड्याला फिट येणारी मुलगी असेल तर तिला चालणारं एकमेव औषध नाकारणंही तिच्या जिवावर बेतू शकतं. दुसऱ्याने बाबांचं विचारलं, म्हणजे वडील व्हॅल्प्रोएट घेत असतील तर? याची तयारी होती कारण युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ च्या सुरुवातीला त्यावरही सावधगिरी सांगितलीय, गर्भधारणेच्या आधीच्या तीन महिन्यांत वडील घेत असतील तर मुलांमध्ये वाढीच्या अडचणींचा धोका थोडा जास्त असू शकतो असं, पण आईने घेतल्यावर जितका असतो त्यापेक्षा खूपच कमी आणि अजून पक्कं झालेलं नाही. तिसरा प्रश्न स्तनपानाचा. तिथे बऱ्याच जणांची गल्लत होते, त्यांना वाटतं गर्भात वाईट म्हणजे दुधातही वाईट. व्हॅल्प्रोएट दुधात फार थोडं उतरतं आणि सहसा अंगावर पाजायला हरकत नसते. मात्र घेणारी आई पुढच्या वेळी परत गरोदर राहू शकते, त्यामुळे गर्भनिरोधनाचं बोलणं बाळंतपणानंतरच्या पहिल्या भेटीतच.

संपल्यावर बाहेर एका मैत्रिणीने गाठलं आणि जो प्रश्न विचारला तो खरं तर सेमिनारमध्ये यायला हवा होता. ती म्हणाली, तू बदलताना गर्भनिरोधन म्हणालीस, मग नेहमीच्या गोळ्या दिल्या तर चालतं का? लेव्हेटिरासिटाम असेल तर चालतं. पण तिच्या जागी लॅमोट्रिजिन असतं तर घोळ झाला असता, कारण गोळ्यांतलं इस्ट्रोजेन लॅमोट्रिजिन शरीरातून लवकर बाहेर काढतं, पातळी जवळपास निम्मी होऊ शकते, आणि फिट परत येते. गोळ्यांच्या मधल्या सात मोकळ्या दिवसांत परत पातळी चढते, तेव्हा चक्कर, डबल दिसणं. आणि पुढे ती गरोदर राहिली की तिच्या स्वतःच्या इस्ट्रोजेनने हेच होतं, म्हणून लॅमोट्रिजिन घेणाऱ्या बाईची रक्तातली पातळी दिवस जायच्या आधीच एकदा मोजून ठेवायची, गरोदरपणात पुन्हा पुन्हा मोजून डोस वाढवायचा, आणि बाळंतपण झालं की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत परत खाली आणायचा, नाहीतर बाळ हातात आणि आई चक्कर येऊन पडतेय अशी वेळ येते. तिने लगेच विचारलं मग अशा बाईला काय द्यायचं, तर तांबी किंवा हार्मोनची तांबी, दोन्हींत लॅमोट्रिजिनला धक्का लागत नाही.

मॅडमनी नंतर स्लाइड्स मागून घेतल्या, पुढच्या बॅचला द्यायला. मी रेषेच्या स्लाइडवर एक ओळ वाढवून दिली, ट्यूबच्या खुणेच्या डावीकडे मोठ्या अक्षरात, "प्रिस्क्रिप्शनची जागा इथे".